आभाळातल्या तारा काढायच्या: क्लोन की हीलिंग?

रावेर-यावलकडे पुढे केळीच्या बागा आणि मागे सातपुड्याची रांग असा फोटो घ्यायला गेलं की विजेच्या तारा आडव्या येतातच. त्या काढायला फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश असे दोन पर्याय आहेत. कोणता घ्यायचा हे तार फोटोत कुठून जाते यावर ठरवा.

क्लोन स्टॅम्प ऑल्ट-क्लिक केलेल्या जागेवरचे पिक्सेल जसेच्या तसे आणून ठेवतो. हीलिंग ब्रश तिथला फक्त पोत घेतो; रंग आणि उजेड तो नव्या जागेच्या कडांशी जुळवून घेतो.

संध्याकाळचं आभाळ डोंगरालगत फिकट केशरी असतं आणि वर जाऊ तसं गडद होतं. आडवी तार क्लोनने झाकताना सोर्स तारेच्या वरून किंवा खालून घ्यावा लागतो. मग छटा किंचित चुकते आणि तारेच्या जागी अंधूक पट्टा उमटतो. हीलिंग ही छटा जुळवून घेतं, म्हणून मोकळ्या आभाळासाठी मी तेच सुचवेन. नवा रिकामा लेयर घ्या, Sample मध्ये Current & Below ठेवा. तार ६ पिक्सेल जाड असेल तर ब्रश १५ च्या आसपास हवा, कारण शार्पनिंगमुळे तारेच्या दोन्ही बाजूंना उजळ कड आलेली असते आणि तीही झाकली गेली पाहिजे. एका टोकाला क्लिक करा, मग शिफ्ट दाबून पुढे क्लिक करा. मधली रेघ सरळ भरली जाते. तारेला झोळ असतो, त्यामुळे टप्पे लहान ठेवा.

तार डोंगराच्या कडेला पोचली की मात्र हीलिंग बिघडतं. कडांशी जुळवायच्या नादात ते डोंगराचा काळा रंग आभाळात ओढतं आणि धुरकट डाग पडतो. कड स्पष्ट असेल तर आभाळाचं सिलेक्शन नेमकं त्या कडेवरून करा. मग बाहेरचा रंग आत येत नाही आणि हीलिंग चालतं. कडुलिंबाच्या शेंड्यासारख्या ठिकाणी असं सिलेक्शन करणं फार किचकट. तिथे क्लोनच घ्या, बारीक ब्रशने, सोर्स अगदी शेजारच्या आभाळातून. पानांच्या आत शिरलेला तारेचा तुकडा तसाच राहू द्या, तो काडीसारखाच दिसतो.

टॉवर फ्रेममध्ये असेल तर आधी त्याचं काय करायचं ते ठरवा. तारा काढून टॉवर ठेवला तर बघणाऱ्याला लगेच खटकतं. तो केळीच्या पानांमागे उभा असेल तर ती पानं नव्याने रचत बसावं लागतं. त्यापेक्षा फोटो क्रॉप करणं बरं.

शेवटी सगळ्यात वर तात्पुरता कर्व्हज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. राहिलेले पट्टे आणि डाग उठून दिसतील. ते खालच्या लेयरवर दुरुस्त करा आणि कर्व्हज काढून टाका.