टाळी की ‘प’: ओठ आणि आवाजातला फरक कसा मोजावा?

फोंड्याच्या भाच्याने देवळातल्या नाटकाचं चित्रीकरण मंडपाच्या मागून, रंगमंचापासून 28 मीटरवरून केलं. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकचा. आता ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. फरक टाळीवर मोजू की संवादावर, हा त्याचा प्रश्न.

अचूकपणात टाळी सरस. तळवे मिटले ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातला उंच काटा, यांतलं अंतर मोजायचं. त्याच्याकडे ते 2 फ्रेम निघालं. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 80 मिलिसेकंद. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, तेव्हा 28 मीटरचा हिशेब जुळतो. कॅमेरा निर्दोष आहे.

टाळी नसेल तर ‘प’ शोध. ओठ मिटलेले असताना आलेख सपाट असतो, उघडताच फटका उमटतो. ‘म’ नको, तो मिटल्या ओठांतूनही घुमतो. यात एखाद्या फ्रेमची चूक होते आणि चेहरा जवळून दिसावा लागतो, म्हणून पाच-सहा जागा तपास.

चित्रीकरणाच्या शेवटच्या भागात पुन्हा मोजच. तिथेही 2 फ्रेम असतील तर सगळा आवाज तेवढा आधी सरकव. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला तर फरक वाढत जाऊ शकतो, तिथे आवाजाची लांबीच बदलावी लागते.

पुढच्या प्रयोगाला सुरुवातीला आणि शेवटी टाळी घे. झालेल्या नाटकात टाळी नसेल तिथे ‘प’च.