आयातदाराच्या वतीने भरलेली ड्यूटी आणि एका ओळीचे बिल

न्हावा शेवा बंदरातून माल सोडवून देण्याचे काम करणाऱ्यांनी हा अनुभव वाचावा, कारण यात आयातदाराने मला फसवले आणि मीच लिहिलेल्या पत्रामुळे ते त्याला सोपे गेले.

भिवंडीत गोदाम असलेल्या या आयातदाराच्या मालाची बिल ऑफ एंट्री शुक्रवारी दुपारी असेस होऊन आली. ड्यूटी दुसऱ्या दिवसापर्यंत भरली नाही तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागते. त्याने फोनवर सांगितले, "साहेब, आजच्या आज भरून टाका, सोमवारी सकाळी आरटीजीएस करतो." त्याच अर्थाचा संदेश त्याने व्हॉट्सॲपवरही पाठवला. मालाचे मूल्य १०,००,००० रुपये धरले गेले होते. त्यावर ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क ७५,०००, त्याच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार ७,५०० आणि या सर्वांच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी १,९४,८५०, अशी २,७७,३५० रुपयांची ड्यूटी मी भरली. शिवाय शिपिंग लाइनला डिलिव्हरी ऑर्डरपोटी १८,८८० आणि सीएफएसला २३,६०० रुपये दिले. सोमवारी माल भिवंडीला पोहोचला, पैसे मात्र आले नाहीत.

एक खूण मला तेव्हाच कळायला हवी होती. त्याने चलन आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत शुक्रवारीच संध्याकाळी मागून घेतली होती, परंतु माझे बिल किती होईल हे एकदाही विचारले नाही. बिल ऑफ एंट्रीवर त्याचा जीएसटी क्रमांक असल्याने आयजीएसटीचे १,९४,८५० रुपये त्याच्या खात्यात क्रेडिट म्हणून दिसणार होते; पैसे कोणाच्या खिशातून गेले याच्याशी त्या क्रेडिटचा संबंध नसतो.

त्यानंतर मी बिल आणि सोबत पत्र पाठवले. पत्रात लिहिले होते : "आपल्या मालाची ड्यूटी व क्लिअरिंग चार्जेस मिळून रु. ३,८६,८३९ येणे आहे. कृपया लवकरात लवकर पाठवावेत." ८,००० रुपयांचे आमचे एजन्सी शुल्क आणि त्याच्या वतीने भरलेले ३,१९,८३० रुपये एकाच ओळीत आल्यामुळे सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागला होता. त्याने उत्तर दिले की ड्यूटीवर जीएसटी लागत नाही, बिल चुकीचे आहे, ते नोंदवता येत नाही. हे म्हणणे खरे होते, आणि त्या खऱ्या कारणाआड त्याने पूर्ण दोन महिने काढले.

अखेर जुन्या बिलावर क्रेडिट नोट काढून मी नवे बिल केले. जीएसटी नियमांतील नियम ३३ प्रमाणे आपण 'प्युअर एजंट' म्हणून ग्राहकाच्या सांगण्यावरून दिलेली रक्कम बिलात वेगळी दाखवली आणि जेवढी दिली तेवढीच मागितली, तर तिच्यावर आपल्याला कर लावावा लागत नाही. नव्या पत्राची सुरुवात अशी होती : "आपल्या व्हॉट्सॲप संदेशातील सूचनेनुसार आम्ही आपल्या वतीने सोबतच्या बिल ऑफ एंट्रीवरील सीमाशुल्क रु. २,७७,३५० भरले असून त्याचे चलन जोडले आहे. या रकमेत आमचे कोणतेही शुल्क नाही. यातील आयजीएसटी रु. १,९४,८५० चे क्रेडिट आपल्या जीएसटी क्रमांकावर उपलब्ध आहे." त्याखाली डिलिव्हरी ऑर्डर आणि सीएफएसची रक्कम पावत्यांसह वेगवेगळी लिहिली आणि शेवटी एजन्सी शुल्क ८,००० व त्यावरील जीएसटी १,४४० दाखवला. एकूण ३,२९,२७० रुपये झाले. 'लवकरात लवकर' काढून मी नेमकी तारीख घातली आणि यापैकी कोणत्या रकमेवर हरकत आहे ते त्या तारखेपर्यंत लेखी कळवावे, असे लिहिले.

आता संपूर्ण बिल अडवण्यास त्याला कारण उरले नाही. ड्यूटी, डिलिव्हरी ऑर्डर आणि आमचे शुल्क दोन हप्त्यांत आले. सीएफएसचे २३,६०० रुपये मात्र त्याने दिले नाहीत, कारण ती पावती घाईत आमच्या नावावर निघाली होती आणि तिच्यावरील ३,६०० रुपयांच्या कराचे क्रेडिट त्याला मिळत नव्हते. ३,६०० रुपयांपुरती त्याची हरकत मला मान्य आहे. उरलेले २०,००० रुपये दाबून ठेवणे ही उघड लबाडी आहे.

भारतीय करार कायद्याच्या कलम २२१ नुसार, वेगळा करार नसेल तर, एजंटला आपला खर्च व मेहनताना मिळेपर्यंत ताब्यातील माल अडवून धरता येतो. पण गाडी गेटबाहेर पडल्यावर हा हक्क हाती राहत नाही, आणि मी ती सोमवारी सकाळी सोडून दिली होती. आता आयातदाराने ड्यूटी आइसगेटवर स्वतःच्या बँकेतून भरल्याशिवाय मी पुढचे काम हाती घेत नाही, आणि सीएफएसची पावती त्याच्या जीएसटी क्रमांकावर निघाली आहे हे गेटपास घेण्यापूर्वी स्वतः वाचून पाहतो.