नियमित जामीन की डिफॉल्ट बेल: चार्जशीट आली नाही तर आधी कोणता अर्ज करायचा?

घरचा माणूस दोन महिने न्यायालयीन कोठडीत आहे. सेशन कोर्टात जामीन अर्ज पडून आहे आणि पुढची तारीख आठवड्यानंतरची आहे. पोलिसांनी अजून चार्जशीट दिलेली नाही. अशा वेळी बहुतेक कुटुंबं म्हणतात, "एक अर्ज चालू आहे ना, मग दुसरा कशाला?" नेमक्या याच समजुतीमुळे हातात आलेला हक्क निसटतो, कारण नियमित जामीन आणि डिफॉल्ट बेल हे दोन जामीन मुळातच वेगळे आहेत.

नियमित जामिनात कोर्ट आरोपीचं प्रकरण तपासतं. गुन्हा किती गंभीर आहे, पुरावा काय आहे, बाहेर आल्यावर तो साक्षीदारांवर दबाव आणेल का, हे सगळं पाहून जामीन द्यायचा की नाही ते न्यायाधीश ठरवतात. डिफॉल्ट बेलमध्ये यातलं काहीच पाहायचं नसतं. ठरलेल्या मुदतीत चार्जशीट आली का आणि आरोपी बंधपत्र व जामीनदार द्यायला तयार आहे का, एवढंच पाहायचं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये बिक्रमजित सिंग प्रकरणात हा हक्क घटनेच्या कलम 21 चा भाग मानला. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) मध्ये आहे. जुन्या कायद्यात तो कलम 167(2) मध्ये होता.

मुदत साधारणपणे 60 दिवसांची असते. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ती 90 दिवसांची होते. यूएपीए, मकोका आणि अमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणांत ती 180 दिवसांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून आधी रिमांड रिपोर्टची प्रत काढा आणि त्यात कोणती कलमं लावली आहेत ते पाहा.

आता मोजणी. समजा, फसवणुकीचा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. अटक 3 मार्चला झाली आणि मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड 4 मार्चला दिला. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून होते आणि तो दिवसही धरायचा असतो. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हे पक्कं केलं. मार्चचे 28 दिवस, एप्रिलचे 30 आणि मेचे 2 मिळून 60 होतात. म्हणजे 2 मेपर्यंत चार्जशीट आली नाही, तर 3 मेला हक्क उभा राहतो.

पण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. सेशन कोर्टातला जुना अर्ज गुणदोषावरचा आहे, त्यावर विसंबून राहू नका. जिथे रिमांड होतो त्या मॅजिस्ट्रेटकडे 3 मेला सकाळी कोर्ट उघडताच वेगळा अर्ज द्या. आधीचा अर्ज मागे घ्यायची गरज नाही, आणि तो फेटाळला गेला असला तरी डिफॉल्ट बेल अडत नाही. मात्र 5 मेला चार्जशीट आली आणि तोवर तुमचा अर्ज नसेल, तर हा रस्ता बंद. मग फक्त नियमित जामीन उरतो.

उलट, अर्ज आधी पडला आणि चार्जशीट नंतर आली, तर हक्क शाबूत राहतो. एम. रवींद्रन प्रकरणात आरोपीचा अर्ज सकाळी साडेदहाला होता आणि तपास यंत्रणेची तक्रार, जी तिथे चार्जशीटच्या जागी होती, त्याच दिवशी दुपारी सव्वाचारनंतर आली. सुप्रीम कोर्टाने आरोपीच्या बाजूने निकाल दिला. म्हणून अर्जावर तारखेसोबत वेळही नोंदवून घ्या आणि शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. अर्ज देण्याआधी वकिलाला चार्जशीट आली आहे का ते कोर्टाच्या कार्यालयात विचारायला सांगा. फक्त पोलीस ठाण्याच्या सांगण्यावर जाऊ नका. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येक माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; त्यासाठी पन्नासाव्या दिवसापर्यंत तरी अर्ज द्या.

टिकण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही जामीन जवळपास सारखे आहेत. नंतर चार्जशीट आली एवढ्या कारणावरून डिफॉल्ट बेल रद्द होत नाही. पण तारखांना गैरहजर राहिला, साक्षीदारांना धमकावलं, किंवा चार्जशीटमधून भक्कम खटला आणि विशेष कारणं पुढे आली, तर ती रद्द होऊ शकते. ही शेवटची शक्यता 2023 च्या गंगी रेड्डी निकालाने मोकळी ठेवली.

सगळ्यात जास्त घरं अडतात ती जामीनदारापाशी. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार उभा राहायला दहा-पंधरा दिवस जातात. कोर्टाने दिलेल्या मुदतीत बंधपत्र आणि जामीनदार दिला नाही आणि मधल्या काळात चार्जशीट आली, तर मंजूर झालेला हक्कही संपतो. त्यामुळे जामीनदाराचं ओळखपत्र, राहण्याचा पुरावा आणि मिळकतीची किंवा पगाराची कागदपत्रं 60 वा दिवस येण्याआधीच फाइलमध्ये लावून ठेवा. जामीनदार तयार नसेल तर अर्जाच्या सुनावणीतच वकिलाला सांगून तात्पुरती रोख रक्कम भरण्याची परवानगी मागा.