अपघाताचा मराठी जबाब हेड ऑफिसला: थेट इंग्रजी फॉर्म भरावा, की आधी वाक्यागणिक भाषांतर करावं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडच्या परदेशी मालकीच्या कारखान्यांत कामगाराचा जबाब मराठीत येतो आणि अहवाल इंग्रजीत जातो. हे काम दोन पद्धतींनी होतं. एका पद्धतीत सुपरवायझर जबाब वाचतो आणि हेड ऑफिसचा फॉर्म थेट इंग्रजीत भरतो. दुसरीत जबाबातल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक देऊन डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असे दोन रकाने करतात आणि फॉर्म त्यावरून भरतात.

थेट फॉर्म लवकर होतो, हे खरंच. पहिली सूचना बहुतेक ठिकाणी २४ तासांत पाठवायची असते, तेव्हा तोच बरा. कुणाला लागलं नसेल, नुसतं थोडक्यात निभावलं असेल, तर तेवढ्यावर भागतं. अडचण येते ती इजा झालेली असते तेव्हा.

फाउंड्रीच्या फेटलिंग विभागातला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथला, एक जबाब धरू: ‘जॉब ग्राइंडिंगला घेतला. पाचच्या ग्राइंडरला सातचं चाक होतं. गार्ड काढलेला होता. चाक फुटलं आणि तुकडा हाताला लागला.’

थेट फॉर्ममध्ये याचं हमखास होतं ते असं: ‘द ऑपरेटर हॅड रिमूव्ह्ड द गार्ड.’ मला ही पद्धत सोडायला लावली ती याच गोष्टीनं. गार्ड कोणी काढला हे जबाबात कुठेच नाही. मराठीत कर्ता न सांगता वाक्य पूर्ण होतं. घाईत इंग्रजी लिहिणाऱ्याला कर्ता हवासा वाटतो, आणि समोर नाव एकच असतं, जखमी माणसाचं. मग कारणाच्या रकान्यात ‘नियम मोडला’ आणि उपायाच्या रकान्यात ‘पुन्हा प्रशिक्षण’ येतं. हेड ऑफिसला मूळ मराठी वाचता येत नाही, त्यामुळे ही चूक तिथे कुणाला दिसत नाही.

दोन रकान्यांत तिसऱ्या वाक्यासमोर ‘द गार्ड हॅड बीन रिमूव्ह्ड’ एवढंच येतं आणि खाली चौकटी कंसात टीप: कोणी, कधी, जबाबात नाही. ही टीप चौकशी करणाऱ्याला दुसऱ्या वाक्याकडे नेते. थेट फॉर्ममध्ये ‘सातचं चाक’ हे नुसतं ‘ग्राइंडिंग व्हील’ होऊन जातं. खरं कारण मात्र तिथेच असू शकतं. पाच इंची ग्राइंडरच्या गार्डमध्ये सात इंची चाक मावत नाही, म्हणून ते बसवायचं तर गार्ड काढावाच लागतो. शिवाय सात इंची, म्हणजे १८० मिमी चाकावर मिनिटाला साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते आणि पाच इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरच्या मर्यादेऐवजी शंभराच्या वर जातो. आता विचारायचा प्रश्न वेगळा झाला: पाचची चाकं स्टोअरमध्ये होती का, आणि सातचं चाक कोणी दिलं?

चौथ्या वाक्यातला ‘हात’ही तपासूनच लिहावा. आपण खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला हात म्हणतो, फॉर्ममध्ये पंजा, मनगट, कोपराखालचा भाग हे वेगवेगळे असतात. तसंच ‘मलमपट्टी केली’ यावर थांबू नये, दवाखान्याचा कागद बघावा. हेड ऑफिस अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या व्याख्या वापरत असेल, तर धनुर्वाताचं इंजेक्शन प्रथमोपचारात मोडतं, पण एक टाका पडला तरी ते वैद्यकीय उपचार ठरतात आणि नोंद बदलते.

दुसऱ्या पद्धतीला वेळ लागतो. पानभर जबाबाला तास-दीड तास सहज जातो, आणि विभागातले शब्द माहीत असलेला माणूस लागतो. बाहेरच्या भाषांतरकाराला दिलं तर ‘सातचं चाक’ सात नंबरचं चाक होऊन येऊ शकतं, त्यामुळे फेटलिंगच्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं. इंग्रजी झाल्यावर ते मराठीत सांगून जबाब देणाऱ्याला ऐकवावं. त्यानं काही नवं सांगितलं तर मूळ वाक्यात मिसळू नये, खाली तारीख घालून वेगळं लिहावं.

माझ्या मते पहिली सूचना थेट फॉर्मवर पाठवावी, कारणाचा रकाना ‘चौकशी सुरू’ म्हणून मोकळा ठेवावा आणि पूर्ण अहवाल दोन रकान्यांवरून करावा. जिथे मनुष्यबळ कमी आहे तिथे सगळा जबाब नाही, तरी इजेच्या आधीची चार-पाच वाक्यं एवढी तरी अशी उतरवावीत. आणि तिसऱ्या पाळीतला अपघात असेल तर तारीख तपासून घ्यावी आणि महिना अक्षरात लिहावा: १४ तारखेच्या पाळीत रात्री दीडला घडलेलं १५ तारखेचं असतं, आणि ०३/०४ चा अर्थ अमेरिकेत ४ मार्च होतो.