ऑटोमाटाची आठवडी शीट: पाच महिने सोडवल्यानंतर

जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत दर सोमवारी संध्याकाळी मी ही शीट सोडवत आले. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर तिची पीडीएफ येते, सात रस्त्याच्या दुकानातून झेरॉक्स काढायची आणि जुळे सोलापुरातल्या खोलीवर मैत्रिणीबरोबर बसायचं, असा क्रम ठरून गेला होता. दोन पानांत दहा प्रश्न असतात आणि उत्तरं तिसऱ्या पानावर. ग्रामर, ऑटोमेटॉन आणि रेग्युलर एक्स्प्रेशन यांपैकी एक दिलेलं असतं, त्याचं दुसरं करायचं. पहिले चार प्रश्न सोपे, नंतरचे तीन जरा वेळ खाणारे आणि शेवटचे तीन खरोखर घाम काढणारे.

सोप्या प्रश्नांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक्स्प्रेशनवरून एनएफए काढणं दोन आठवड्यांत हातात बसतं. या शीटचं मोल मला कळलं ते उलट्या दिशेला, म्हणजे ऑटोमेटॉनवरून एक्स्प्रेशन काढताना. एक प्रश्न पूर्ण सांगते.

तीनने भाग जाणाऱ्या बायनरी संख्यांचा डीएफए दिला होता. बाकी ०, १, २ अशा तीन स्टेट: `q0`, `q1`, `q2`. पुढचा बिट वाचला की जुनी बाकी दुप्पट होते, त्यात तो बिट मिळवायचा आणि पुन्हा तीनने भागून बाकी घ्यायची. सुरुवात `q0` आणि स्वीकारही `q0`. बाण असे:

```
q0: 0 -> q0, 1 -> q1
q1: 0 -> q2, 1 -> q0
q2: 0 -> q1, 1 -> q2
```

एकेक स्टेट काढून टाकत जायचं. जी काढायची तिच्यात येणारा बाण, तिच्यावरचा लूप स्टार लावून, आणि बाहेर जाणारा बाण, हे तिन्ही ओळीने जोडून नवा बाण तयार होतो. त्या जागी आधीच बाण असेल तर मध्ये `+` घालायचा. मी आधी `q1` काढली. `q1` मध्ये येणारे बाण दोन आणि बाहेर जाणारेही दोन, म्हणून चार जोड्या. `q0` वर लूप झाला `0+11`, `q0` वरून `q2` ला `10`, `q2` वरून परत `01`, आणि `q2` वर लूप `1+00`. मग `q2` काढली आणि उत्तर आलं:

```
(0+11+10(1+00)*01)*
```

तिसऱ्या पानावर मात्र हे छापलं होतं:

```
(0+1(01*0)*1)*
```

आमच्या खोलीत त्या दिवशी बरीच चिडचिड झाली. मी माझ्या चार जोड्या तीनदा तपासल्या. मैत्रिणीने तोच प्रश्न केला होता आणि तिचं उत्तर छापील उत्तराशी जुळत होतं. शेवटी ती म्हणाली, “अगं, तू आधी कुठली काढलीस? मी `q2` काढली.” तिथे गाठ सुटली. `q2` ला बाहेरून येणारा एकच बाण आहे आणि बाहेर जाणाराही एकच, म्हणून ती काढताना एकच जोडी होते: `q1` वर `01*0` असा लूप. क्रम बदलला की उत्तराचं रूप बदलतं, भाषा तीच राहते. ज्या स्टेटला येणाऱ्या-जाणाऱ्या बाणांच्या जोड्या कमी, ती आधी काढली की एक्स्प्रेशन बहुधा आटोपशीर येतं. हे शीटमध्ये एका ओळीत तरी छापायला हवं होतं. उत्तर एकच आणि तेही पायऱ्यांशिवाय, ही माझी या शीटबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे. शेवटच्या तीन प्रश्नांना, जिथे पायऱ्या सगळ्यात जास्त लागतात, तिथेच त्या नाहीत.

मग दोन उत्तरं एकच आहेत हे कसं ठरवायचं? आधी आम्ही काही संख्या घालून बघायचो. नऊ म्हणजे `1001`, एकवीस म्हणजे `10101`, दोन्ही एक्स्प्रेशनमध्ये बसतात. पाच म्हणजे `101`, तो दोन्हींत बसत नाही. यातून चूक लवकर पकडता येते. बाहेरचा स्टार विसरला तर `11` बसतो पण `110` बसत नाही, लगेच कळतं. पण अशा दहा-वीस संख्या जुळल्या म्हणून दोन भाषा एक झाल्या असं म्हणता येत नाही.

खात्री हवी तर एक्स्प्रेशनवरून परत डीएफए काढायचा. माझ्या लांब उत्तरावर मी तो काढून बघितला. सुरुवातीला `0` आला तर आपण सुरुवातीलाच राहतो. `1` आला तर तो `11` मधला पहिला असेल किंवा `10` मधला; या दोन्ही शक्यता मिळून एक स्टेट. तिथे `1` आला की परत सुरुवात, `0` आला की मधल्या कंसात. कंसात `1` आला तर तिथेच राहतो. `0` आला तर तो `00` चा पहिला असेल किंवा `01` चा, म्हणजे पुढे `0` आला तर पुन्हा कंसात आणि `1` आला तर सुरुवातीला. ही तर आधीचीच स्टेट झाली, कारण इथून पुढे दोन्हीकडे सगळं सारखंच घडतं. मोजून तीन स्टेट उरल्या आणि बाणही प्रश्नातल्यासारखेच. वहीत ते चित्र पूर्ण झालं तेव्हा मला फार आनंद झाला.

ही उलट तपासणी अंगवळणी पडल्यामुळेच सप्टेंबरच्या एका शीटमधली चूक आम्हाला सापडली. ग्रामर होतं `S -> Sb | a` आणि उत्तर छापलं होतं `b*a`. ग्रामर चालवून बघितलं तर `S` वरून `Sb`, मग `ab`. म्हणजे `ab` भाषेत आहे, पण `b*a` मध्ये तो बसत नाही. इथे व्हेरिएबल डावीकडे आहे आणि उत्तर काढणाऱ्याने तो उजवीकडे असल्यासारखा वाचला. बरोबर रीत अशी की नियमांची उजवी बाजू आधी उलटी लिहायची, `S -> bS | a`, त्याचा एनएफए काढायचा, मग सगळे बाण उलटे करून सुरुवात आणि स्वीकाराच्या स्टेटची अदलाबदल करायची. उत्तर येतं `ab*`. आम्ही सरांना सांगितलं, त्यांनी पुढच्या सोमवारी दुरुस्ती पाठवली.

अवघड प्रश्नांतला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न म्हणजे `S -> aA | ε`, `A -> Sb`. एकेक नियम वेगळा बघितला तर साधा वाटतो, आणि मी सरळ दोन स्टेटचं चित्र काढायला घेतलं. पण पहिल्या नियमात व्हेरिएबल उजवीकडे आहे, दुसऱ्यात डावीकडे. दोन्ही मिळून प्रत्येक फेरीत डावीकडे एक `a` आणि उजवीकडे एक `b` वाढतो, म्हणजे जितके `a` तितकेच `b`. याला फायनाइट ऑटोमेटॉन नाहीच, स्टॅक लागतो. उत्तरात तसं लिहिलंय, पण “रूपांतर शक्य नाही” एवढंच. का नाही, ते नाही. मात्र अशी मिसळ दिसली म्हणजे भाषा रेग्युलर नाहीच, असंही धरू नका. `S -> aS | Sb | ε` मध्येही मिसळ आहे, तरी भाषा `a*b*` आहे.

शीट घेणार असाल तर तिसरं पान वेगळं काढून ठेवा आणि जोडीने सोडवा, दोघांनी स्टेट वेगवेगळ्या क्रमाने काढून. डिसेंबरच्या परीक्षेआधी मी पुन्हा फक्त आठ ते दहा नंबरचे प्रश्न घेऊन बसणार आहे. पायऱ्या लिहिलेली माझी वही ज्युनिअर मुलींसाठी खोलीवरच ठेवून जाईन.