देवनागरी छापाचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड: काही महिन्यांनंतर, आणि त्या `;` बद्दल थोडं जास्तच

साध्या वायरवाल्या कीबोर्डपेक्षा दोनेकशे रुपये जास्त मोजून हा घेतला जातो तो एकाच गोष्टीसाठी: प्रत्येक कळीवर इंग्रजी अक्षराशेजारी इनस्क्रिप्ट या कळरचनेचं देवनागरी अक्षर छापलेलं असतं. बाकी गुणवैशिष्ट्यं खोक्यावर आहेतच. कळा बऱ्या आहेत, आवाज मध्यम, वायर पुरेशी लांब. छपाई मात्र साधीच. काना असलेली `e` आणि हलन्त असलेली `d` या दोन कळा सर्वांत आधी पुसट होतात, कारण मराठीत त्या सतत दाबल्या जातात. अंकांच्या ओळीवर शिफ्टबरोबर येणारी जोडाक्षरं छापलेलीच नाहीत. `%` वर ज्ञ, `^` वर त्र, `&` वर क्ष, `*` वर श्र हे पाठच करावं लागतं. जास्त पैसे घेऊन चार अक्षरं छापायची राहून जातात, याला कंजूषपणा म्हणतात.

खरी तक्रार वेगळी आहे. चॅटमध्ये छान काम चाललेलं असतं, प्रश्न-उत्तरं पटापट जात असतात, आणि मध्येच असा मजकूर जातो:

`cgKh=<d" yont vke`

लिहिणाऱ्याने "मुखपृष्ठ बदलू नका" असंच टाइप केलेलं असतं. बोटं बरोबर कळांवर पडली, पण विंडोज त्या क्षणी इंग्रजीवर होतं. कोणती भाषा चालू आहे हे सांगणारा दिवा कीबोर्डवर नाही. नजर कळांवर असते, आणि कळेवर तर मराठी अक्षर छापलेलं दिसतंच, त्यामुळे पाठवेपर्यंत पत्ता लागत नाही. या त्रासापायी कीबोर्ड दुकानात परत गेला, सेवा केंद्राशी वाद झाला, बदलून दुसरा आला. दुसराही तसाच.

तसाच येणार होता. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही, कोणती कळ दाबली तेवढं कळवतो. त्या कळेचं `c` करायचं की "म", हे विंडोज ठरवतं. उलट दिशेने संगणक कीबोर्डला सांगतो तेही कॅप्स लॉक, नम लॉक अशा ठरलेल्या दोन-चार दिव्यांपुरतं. त्यात "मराठी चालू" असा दिवा नाही. म्हणजे दिवा नसल्याचा राग कंपनीवर काढून उपयोग नाही. (जोडाक्षरांचा राग कायम आहे.)

भाषा नकळत बदलण्यामागे बहुतेक वेळा डाव्या हाताचे `Alt` + `Shift` असतात. खिडक्या उलट क्रमाने बदलायला `Alt` + `Shift` + `Tab` वापरणाऱ्यांना हा अपघात सहज होतो. Advanced keyboard settings मधून Input language hot keys उघडावं, तिथे Change Key Sequence मध्ये Not Assigned निवडावं. मग भाषा फक्त `Win` + `Space` ने बदलते, म्हणजे मुद्दाम दाबल्यावरच. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची खूण आहे. ती चॅटसाठी बरी वाटते, पण चॅट ब्राउझरमध्ये असेल तर भाषा खिडकीला चिकटते, टॅबला नाही. शेजारच्या टॅबमध्ये इंग्रजी ईमेल लिहून परत आलात की चॅटही इंग्रजीत. आणखी एक: मराठी जोडताना `Marathi Phonetic` घेऊ नये, नाहीतर कळांवरच्या छापाचा आणि उमटणाऱ्या अक्षरांचा काही संबंध राहणार नाही.

एवढं करूनही घोटाळा शून्यावर येत नाही, कारण समोरच्याच्या संगणकावर तुमची सेटिंग नसतात. इथून पुढे या कीबोर्डबद्दलचं मत बदललं. ज्या छापामुळे लिहिणारा फसतो, त्याच छापामुळे वाचणाऱ्याला उत्तर मिळतं. आलेल्या मजकुरातलं `c` आपल्या कीबोर्डवर शोधायचं, शेजारी म दिसतो. `g` वर उकार, शिफ्टच्या `K` वर ख. पाच मिनिटांत वाक्य हातात.

मात्र आधी घोटाळा याच जातीचा आहे ना ते बघावं. मजकुरात `à¤` आणि `à¥` पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ती युनिकोड चुकीचा वाचला गेल्याची गडबड आहे, कळांची नाही. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं गेलीच, पुन्हा मागवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर जास्त फसवतो, कारण तोही साध्या इंग्रजी अक्षरांतच दिसतो. "मराठी" हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये `cje"r` होतो आणि कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये `ejkBh`. ओळखायचं कसं, तर ऱ्हस्व वेलांटीवरून. दोन्हीकडे ती `f` वरच आहे, पण कृतिदेवमध्ये ती व्यंजनाआधी येते आणि इनस्क्रिप्टमध्ये नंतर. शब्दांची सुरुवातच `f` ने होताना दिसली तर इनस्क्रिप्टचा तक्ता बाजूला ठेवा.

आता त्या `;` कडे. इनस्क्रिप्टमध्ये `;` म्हणजे च, `'` म्हणजे ट, `"` म्हणजे ठ, `/` म्हणजे य, `[` म्हणजे ड, `<` म्हणजे ष. बिघडलेल्या मजकुरात डोळा ही चिन्हं विरामचिन्हं समजून गाळतो, आणि अर्थ तिथेच सांडतो. स्वल्पविराम आणि पूर्णविराम तेवढे स्वतःच राहतात. इंग्रजी आकडेही जसेच्या तसे येतात, आणि तोच मोठा सापळा आहे.

उदाहरण घेऊ. एका संस्थेची स्मरणिका छापायची आहे. छापखान्याशी चॅटवर ठरलेलं: 500 प्रती, मधोमध पिन, मुखपृष्ठाला 300 जीएसएम वजनाचं कार्ड आणि मॅट लॅमिनेशन. संस्थेने दोन गोष्टी विचारल्यात: प्रतीमागे दर काय, आणि पानं 60 ठेवायची की 64. मधोमध पिन असल्याने पानं चारच्या पटीत लागतात, दोन्ही आकडे चालतात. छापखान्यातला माणूस उत्तर वर्डमध्ये लिहून चॅटमध्ये चिकटवतो, आणि येतं हे:

`Kbduj 300 vka, 250 ;ensn. Oj 64. Hdjlr 500;.`

घाईत वाचणारा फक्त आकडे उचलतो: 300, 250, 64, 500. त्यातून "300 नाही, 250 प्रती, 64 पानं" असं काहीही रचता येतं. म्हणून आधी अक्षरं लावायची. `Kbduj` म्हणजे "खव्हर", असा शब्द नाही. पण वर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतं, म्हणजे मूळ `k` असावं: "कव्हर". `vka` म्हणजे "नको", `;ensn` म्हणजे "चालेल". कव्हर 300 नको, 250 चालेल. मागचं बोलणंही याला दुजोरा देतं: 300 जीएसएम कार्ड नीट क्रीझ न करता दुमडलं तर घडीवर फुटतं, छापखान्याला हलकं कार्ड हवं असणं साहजिक आहे.

शेवटचं `Hdjlr` अक्षरशः "फ्रती" होतं. तेही वर्डने मोठं केलेलं, म्हणजे "प्रती". आणि `500;` मधली ती चिन्हासारखी दिसणारी गोष्ट च आहे: प्रती 500च. तो च गाळला तर वाक्य नुसती माहिती देतं. च असला की आकडा बदलणार नाही हे छापखाना ठासून सांगतोय.

अडतं ते `Oj 64` पाशी. मोठं `O` म्हणजे ध, छोटं म्हणजे द, आणि वाक्याच्या सुरुवातीला असल्याने मूळ कोणतं होतं हे अक्षरावरून कळायला मार्ग नाही. "धर 64" की "दर 64"? दोन्ही खरे शब्द. विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी "धर" पानांचं उत्तर ठरतं, "दर" पैशांचं. इथे मागच्या संभाषणाची भाषा बघायची. आतापर्यंत दोघं एकमेकांना "तुम्ही", "कळवा", "पाठवा" असंच लिहीत आलेत. तसा माणूस "धर" लिहिणार नाही, "धरा" लिहील, आणि मग `Oje` दिसलं असतं. शिवाय क्रियापद असतं तर "64 धरा" असं शेवटी आलं असतं. म्हणजे दर 64 रुपये. हेच दोघं अरेतुरेतले मित्र असते तर पहिला पुरावा गेला असता, आणि नुसत्या शब्दक्रमावर छपाईची ऑर्डर सोडू नये.

अर्थ लागला की लगेच दिसतं, पानांच्या प्रश्नाला उत्तर आलेलंच नाही. 64 हा आकडा समोर असल्याने ते मिळाल्यासारखं वाटतं, एवढंच. उलट उत्तर "काय लिहिलंय?" असं नको. तसं विचारलं की समोरचा सगळं पुन्हा लिहितो, कधीकधी पुन्हा त्याच चुकीच्या भाषेत. लावलेला अर्थ परत लिहावा: "कव्हर 250 जीएसएम, प्रतीमागे दर 64 रुपये, प्रती 500. बरोबर? आणि पानं 60 की 64?" त्याला "हो" आणि एक आकडा लिहायचा उरतो.

पूर्ण मजकूरच मोठ्या अक्षरांत असेल तर कॅप्स लॉक चालू होता. "कव्हर" तेव्हा `KBDUJ` दिसतं. मोठी अक्षरं छोटी करून वाचावं, पण मूळ शिफ्टने लिहिलेली अक्षरं अशा मजकुरात छोटी दिसतात, ती मोठी करावीत. कॅप्स लॉकचा परिणाम फक्त `a` ते `z` वर होतो, म्हणून च, ट, ड, य आपल्या जागी शाबूत राहतात. सुरुवात त्यांच्यापासून करावी.

उलटा प्रकारही येतो: मराठी चालू असताना इंग्रजी टाइप केलेलं. शब्द एकट्या मात्रेने सुरू होत असेल आणि तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असेल तर शंका नको. `ok` चं "दक" होतं, ते हसण्यावारी जातं. `cancel` मात्र "मोलमात" होतं, आणि तो चक्क मराठी शब्द वाटतो. दराची घासाघीस चालू असताना "मोलमात" आलं तर वाचणारा मोलभावाबद्दल काहीतरी चुकून लिहिलं असावं असं धरून पुढे जातो, आणि तिकडे ऑर्डर रद्द झालेली असते. संभाषणात न बसणारा, कोशात नसलेला पण उच्चारता येणारा शब्द दिसला की आधी कळा तपासाव्यात.

तर घ्यावा का? रोज इनस्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्याला पाठ झालेलं असतं, त्याला छापाची गरज नाही. नव्याने शिकणाऱ्याने घ्यावा, फक्त अंकांच्या ओळीवर जोडाक्षरं छापलेली आहेत का ते खोकं उघडून बघून. ज्याला असे मजकूर नुसते वाचायचेत त्याने पैसे घालवू नयेत. `Win` + `Ctrl` + `O` दाबलं की विंडोजचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. भाषा मराठी केली की त्यावर मराठी अक्षरं दिसतात, शिफ्ट दाबलं की वरची. आपल्या साध्या कीबोर्डवर त्याच जागची कळ बघत गेलं की झालं, आणि क्ष-ज्ञ तिथे फुकट दिसतात.