नोंदी पिसून वाटायच्या, की एक पावसाळा झाकून ठेवायचा?

भूगोल, शेती, कॉमर्सच्या मुलांना मशीन लर्निंग शिकवताना मी पंचगंगेची पातळी घेते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जून ते सप्टेंबर रोज एक नोंद धरली तर वर्षाच्या १२२ होतात, २०१७ ते २०२१ च्या मिळून ६१०. वर्ष, तारीख आणि पाऊस मॉडेलला द्यायचा, पातळी त्यानं सांगायची. काही नोंदींवर ते शिकतं, ती ट्रेन. उरलेल्यांवर त्याची परीक्षा, ती टेस्ट. टेस्टच्या नोंदी निवडायच्या कशा, इथं खरा निर्णय आहे.

पहिला मार्ग म्हणजे पत्ते पिसावेत तशा सगळ्या नोंदी पिसून २० टक्के बाजूला काढायच्या. पायथनच्या scikit-learn मधल्या `train_test_split` या फंक्शनला वेगळं काही सांगितलं नाही तर ते पिसूनच वाटतं. आता समजा ७ ऑगस्ट २०१९ टेस्टमध्ये गेला आणि ६ व ८ ऑगस्ट ट्रेनमध्ये राहिले. महापूर एका रात्रीत ओसरत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे माहीत असले की मधला कुणीही सांगेल. शेजारचे दोन्ही दिवस टेस्टमध्येच जाण्याची शक्यता ०.२ × ०.२, म्हणजे जेमतेम ४ टक्के. बाकी ९६ टक्के वेळा निदान एक शेजारी मॉडेलनं आधीच पाहिलेला असतो. निर्णयवृक्ष म्हणजे एकामागून एक हो-नाही प्रश्न विचारत उत्तरापर्यंत जाणारं मॉडेल. तो खूप खोल वाढू दिला तर ‘२०१९, ऑगस्टचा पहिला आठवडा, पाणी भरपूर’ एवढंच पाठ करतो, पावसाचा विचारच करत नाही. हेच ओव्हरफिटिंग, आणि ही परीक्षा ते पकडत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे २०२१ चा अख्खा पावसाळा झाकायचा आणि उरलेल्या ४८८ नोंदींवर शिकवायचं. समजा ट्रेनवर सरासरी चूक ०.२ फूट निघाली, पिसलेल्या टेस्टवर ०.७ आणि झाकलेल्या पावसाळ्यावर ५ फूट. तर ५ हाच आकडा खरा मानायचा, कारण पुढच्या वर्षीचा शेजारचा दिवस आपल्याकडे नसणारच. पाच फुटांची चूक म्हणजे मॉडेल ३८ सांगतंय, इशारासुद्धा नाही, आणि नदी मात्र धोक्याच्या रेषेवर.

या मार्गालाही मर्यादा आहेत. एकाच पावसाळ्यावरून मॉडेलची पारख होत नाही, म्हणून पाचही वर्षं आळीपाळीनं झाका. शिवाय निर्णयवृक्ष ट्रेनमधल्या सर्वांत मोठ्या पातळीच्या वरचं उत्तर देऊच शकत नाही. २०१९ आणि २०२१ दोन्ही झाकलीत, तर महापूर त्याला कधीच दिसणार नाही. झाकलेल्या वर्षाचा निकाल बघून मॉडेल पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसलात, तर ते वर्षही झाकलेलं राहत नाही.

नदीसाठी मी पावसाळा झाकण्याचाच मार्ग घेईन. नोंदींचा एकमेकींशी संबंध नसेल तिथं पिसणं योग्यच आहे. फोटोवरून गुळाची प्रत ठरवायची असेल आणि प्रत्येक ढेपेचा एकच फोटो असेल, तर खुशाल पिसा. पण एकाच ढेपेचे चार फोटो असतील, तर चारही एकाच बाजूला ठेवा.